डबा आपला, तेल कुणाचं?

हौशी: मुलुंडला आमच्या गल्लीतला वाणी आजही तांदूळ पोत्यातून मोजून देतो. मी घरून डबा नेते. आधी तो हसायचा, आता निमूटपणे डबा काट्यावर ठेवतो, आकडा शून्यावर आणतो आणि माप ओततो. नव्या रिफिल दुकानांत होतं ते याहून फार वेगळं नाही. भिंतीला उभ्या पारदर्शक नळ्या, त्यांत डाळी आणि धान्यं, खाली चाप. रिकामा डबा आधी तोलायचा, त्याचं वजन चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावायचं, मग भरायचं आणि पुन्हा तोलायचं. वजाबाकीत येईल तेवढ्याचे पैसे. मग लोक याला नखरा का म्हणतात, तेच मला कळत नाही. आपल्या आज्यांनी दुसरं काय केलं?

शंकेखोर: आज्यांनी केलं ते सगळंच चांगलं होतं असं मी मानत नाही, तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू. माझा आक्षेप नखऱ्यावर नाही. तुम्ही रिफिलवाले धान्य, तेल आणि कपड्यांची पावडर ही तिन्ही एकाच पिशवीत घालता, त्यावर आहे. पाकीट काढून टाकलं की प्लास्टिक कमी होतं, हे मान्य. पण पाकिटावर आणखी काहीतरी असतं: बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बॅच नंबर, तारीख. उद्या पोट बिघडलं तर बोट कुणाकडे दाखवायचं, ते त्या छापील चार ओळींत असतं. तुमच्या डब्यावर फक्त डब्याचं वजन लिहिलेलं आहे.

हौशी: वाण्याला मी वीस वर्षं ओळखते. तो पत्ता मला पुरतो.

शंकेखोर: तांदळासाठी पुरेल. तेलासाठी पुरत नाही, आणि हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं. त्याच्या बिया दिसायला मोहरीसारख्याच, रानात फुकट मिळणाऱ्या. माणसांच्या पायांवर सूज आली, दम लागू लागला, हृदयं थकली. साठहून अधिक माणसं गेली, आजारी पडलेल्यांचा आकडा तीन हजारांच्या आसपास होता. त्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेल पाकीटबंदच विकावं असा आदेश काढला. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही तेच आलं: खाद्यतेल विकायचं तर बंद, खूण केलेल्या, लेबल लावलेल्या पॅकमध्ये. राज्य सरकारला कारणं देऊन सूट देता येते, पण नियम हाच. म्हणजे नळ खोलून तुमच्या किटलीत शेंगदाणा तेल सोडणारं दुकान कितीही नीटनेटकं असो, ते मुळात नियमाबाहेर उभं आहे.

हौशी: हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगू, पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चिडले होते. दिल्लीच्या घाऊक भेसळीची शिक्षा बोरिवलीच्या घाणेवाल्याला का? पण चिडून झाल्यावर विचार केला. डाळीत खडा असेल तर तो ताटात दिसतो. तेलात काय मिसळलंय ते डोळ्याला दिसत नाही.

शंकेखोर: नाकालाही कळत नाही. शेंगदाणा तेलात पामोलीन घातलं तर वास शेंगदाण्याचाच येतो. फ्रिजमध्ये ठेवल्यावर तेल गढूळ झालं, थिजलं तर शंका घ्यायला जागा होते, पण ती शंकाच, पुरावा नाही. शुद्ध शेंगदाणा तेलही थंडीत घट्ट होतं. आणि सुट्या तेलात दुसरी अडचण म्हणजे एका पिंपात अनेक डबे रिते होतात. वाईट डबा कुठला होता, हे त्यानंतर देवालाही सांगता येणार नाही.

हौशी: पण मग पाकिटात तरी सगळं सरळ आहे का? मापाचंच घ्या. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. वाणी पूर्वी किलोवर तेल द्यायचा. एक किलो म्हणजे जवळजवळ १ लिटर १०० मिली. आता मोठ्या डब्याकडे बघा. एक डबा १५ किलोचा, एक १५ लिटरचा, दिसायला सारखेच. लिटरच्या डब्यात तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅम. दोघांत फरक १ किलो ३५० ग्रॅमचा, म्हणजे दीड लिटरच्या आसपास. दिवाळीला डबा आणणाऱ्या किती घरांत हे विचारतात? लेबल आहे, सगळं खरं लिहिलंय, आणि तरी गिऱ्हाईक फसतं.

शंकेखोर: फसतं, कारण वाचत नाही. पण वाचलं तर सापडतं. तिथेच माझं म्हणणं आहे. सुट्यात वाचायलाच काही नसतं.

हौशी: तसंही नाही हो. सुटं विकणाऱ्यालाही कागद बाळगावा लागतो. २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक छापायचा आहे. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी, आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. मी नव्या दुकानात गेले की नळ्या बघायच्या आधी तो कागद बघते, त्यावरची तारीख बघते. तुमच्या चार छापील ओळी भिंतीवर आणि बिलावर आल्या, एवढंच.

शंकेखोर: आणि काट्याखालची पट्टी बघता का? तिच्यावर काट्याची कमाल मर्यादा असते, तशी किमानही असते. तीस किलोचा, पाच पाच ग्रॅमने पुढे सरकणारा काटा असेल तर किमान १०० ग्रॅम. त्याखालचं वजन त्यावर करायचंच नाही. तुमच्या रिफिल दुकानात लोक पन्नास ग्रॅम मोहरी आणि पन्नास ग्रॅम ओवा मोठ्या कौतुकाने घेतात. काट्याचा एक टप्पा पाच ग्रॅमचा. पन्नासात पाच म्हणजे दहावा हिस्सा. त्यात डबा स्टीलचा, जड. दुकानदार लबाड नसला तरी एवढ्या छोट्या मापाला तो काटा लायक नाही. मसाल्यासाठी वेगळा, बारीक टप्प्याचा छोटा काटा हवा. तो नसेल तर मसाला तिथे घेऊ नये.

हौशी: हे मान्य. आणखी एक भर मी घालते: डब्याचं वजन चिकटपट्टीवर लिहिलेलं असलं तरी दर वेळी नव्याने करून घ्यावं. झाकणासकट तोललं होतं की झाकणाशिवाय, हा घोळ इतक्यांदा होतो की काही दुकानदार वैतागून पट्टी लावणंच बंद करतात.

(इथे लेखकाने मध्ये तोंड घालावं असा मोह होतो. दोघांचं काट्यावर इतकं एकमत आहे की भांडण संपलं असं वाटावं. ते संपलेलं नाही. दोघांनी अजून धान्याला हातच लावलेला नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात खरा तंटा तिथे आहे.)

शंकेखोर: आता त्या सुंदर नळ्यांकडे वळू. वरून ओतायचं, खालून काढायचं, म्हणजे जुनं आधी निघतं, असं दुकानदार सांगतो. तसं होत नाही. चाप उघडला की मधला खांब खाली सरकतो आणि भिंतीलगतचं धान्य जागेवर राहतं. वरून नवं पोतं ओतलं की ते मधून वाट काढून आधी बाहेर पडतं. कडेला पडून राहिलेलं धान्य मे महिन्यातलं असू शकतं आणि तुम्ही नोव्हेंबरमध्ये तिथे उभ्या असता. टोका तांदळाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवतो. बाहेरून दाणा स्वच्छ. आपल्या उबदार, दमट हवेत महिनाभरात किडा दाणा पोखरून बाहेर येतो. तो तुमच्या घरी, तुमच्या डब्यात बाहेर आला की तुम्हाला वाटतं डबाच खराब होता.

हौशी: आणि दुकानदार तेच सांगतो! डबा नीट वाळवला नव्हता, ताई. पण ह्याला उपाय आहे आणि चांगली दुकानं तो करतात. नळी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय नवं ओतायचं नाही. रिकामी झाली की कोरड्या फडक्याने पुसायची, कोपऱ्यातली पिठी झाडायची. गिऱ्हाइकाने काय बघायचं तर नळीच्या तळाशी साचलेली बारीक पिठी, दाण्यांना धरून राहिलेली जाळी, दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि आंबूस वास. यातलं एक जरी दिसलं तर शेजारच्या नळ्यांतलंही काही घेऊ नये, कारण किडा चालतो. घरी आणलेलं धान्य मी पहिले पंधरा दिवस वेगळ्या बरणीत ठेवते, जुन्यावर ओतत नाही.

शंकेखोर: म्हणजे दुकानाची गोदामाची कामं तुम्ही घरी करता. बरं, तुमचा वाणी नळ्या वापरत नाही, पोतं वापरतो. त्याच्याकडे किडा कमी का?

हौशी: कारण त्याचा माल फिरतो. कोलमचं पोतं त्याच्याकडे आठवड्याला संपतं. पोत्याचं तोंड गुंडाळत गुंडाळत तळाला जातं आणि पोतं झटकून बाजूला पडतं. नव्या दुकानात राळे, कोदो, लाल तांदूळ, नाचणीचे तीन प्रकार, सगळं थोडं थोडं आणि सगळं हळूहळू खपणारं. अंधेरीचं भाडं भरायचं तर नफा जास्त असलेला माल ठेवावा लागतो, आणि तो माल कमी खपतो म्हणून पडून राहतो. इथे मी तुमच्या बाजूची आहे. तूरडाळ आणि रोजचा तांदूळ मी वाण्याकडूनच घेते. डबा माझा, पोतं त्याचं. खरं रिफिल दुकान तेच, पाटी नाही एवढंच.

शंकेखोर: मग पाटीवाल्या दुकानाची गरज काय?

हौशी: वाणी तसाच राहिला असता तर गरज नव्हती, पण तो हळूहळू बदलला. त्याच्याकडेही आता अर्ध्या फळ्या बंद पाकिटांनी भरल्यात. पाकिटाला मोजणारा मुलगा लागत नाही, सांडत नाही, किडा लागला तर कंपनी बदलून देते. मात्र २०२२ च्या जुलैत एक गंमत झाली. पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर पाच टक्के जीएसटी आला. तेच सुटं घेतलं तर शून्य. पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटाला कर म्हटल्यावर काही गिरण्यांनी सव्वीस किलोची पोती बाजारात आणली! तो कर आजही आहे. म्हणजे सरकारने सुट्या मालाला पैशांत काही दिलं. शंभर रुपयांच्या डाळीमागे पाच रुपये.

शंकेखोर: पण पाकीटवाल्या कंपनीची घाऊक खरेदी इतकी मोठी की ते पाच रुपये ती सवलतीत सहज गिळते. शिवाय दुकानदाराकडे माल येतो तोही प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यातच. प्लास्टिक नाहीसं झालं नाही, तुमच्या नजरेआड गेलं.

हौशी: गेलं, पण बदललंही. पन्नास किलोचं एक पोतं भंगारवाला घेतो, ते पुन्हा विकलं जातं, त्यात वाळू भरली जाते, माळ्यावर अडगळ बांधली जाते. एकेक किलोची पन्नास पाकिटं कुणी घेत नाही. तेलाचं तर आणखी वाईट. थरांचं प्लास्टिक, आत तेल चिकटलेलं. कचरावेचक ते उचलत नाहीत कारण वजन नाही आणि भाव नाही. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं, पण त्या डोंगराशेजारी आम्ही अनेक वर्षं राहिलो आहोत. तिथे पोती कमी आणि पाकिटं जास्त दिसायची.

शंकेखोर: धान्यात मी हार मानतो, अटींसह. आता कपड्यांच्या साबणाकडे या, तिथे तुम्ही मला कोपऱ्यात घ्याल असं तुम्हाला वाटतं. पोटात जात नाही, कायद्याची आडकाठी नाही.

हौशी: बरोबर. कॅन न्यायचा, लिक्विड भरून आणायचं.

शंकेखोर: आणि लिक्विड चांगलं आहे हे कशावरून ठरवता?

हौशी: दाटपणावरून. सगळेच तसं ठरवतात.

शंकेखोर: तिथेच फसता. या लिक्विडमधला फेस देणारा जो नेहमीचा घटक असतो, त्यात साधं मीठ विरघळवलं की लिक्विड दाट होतं. पाणी वाढवा, मीठ घाला, दाटपणा तोच. एका मर्यादेपुढे मीठ जास्त झालं तर उलट पातळ होतं, पण बनवणाऱ्याला ती मर्यादा माहीत असते. धुण्याची ताकद आहे ती मळ काढणाऱ्या सक्रिय घटकाच्या टक्केवारीत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सुटं देणाऱ्याने निदान तेवढा एक आकडा लिहून द्यावा. पावडरचं थोडं सोपं आहे: चमचाभर पावडर काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तळाशी वाळूसारखा थर राहिला तर त्यात नुसतीच भर घातलेली आहे. हाताला फार गरम लागली तर धुण्याचा सोडा जास्त.

हौशी: हे मी करून बघेन. पण तुम्हाला खरी भीती कसली आहे, ताकद कमी असण्याची?

शंकेखोर: नाही. भीती कॅनची. आपल्या लोकांना बाटली टाकवत नाही, हा गुण आहे, पण शीतपेयाच्या बाटलीत फिनेल भरून ठेवायची सवय याच गुणाची दुसरी बाजू. तहानलेलं पोर बाटलीचा आकार ओळखतं, लेबल वाचत नाही. संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटलीत तळाशी चार थेंब राहिले आणि वर ब्लीच भरलं, तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बाथरूमसारख्या बंद जागेत. हात धुण्याच्या साबणाची गोष्ट वेगळी. डबी अर्धी असताना वरून ओतत राहिलं की तळाच्या जुन्या साबणात जंतू वाढतात. त्यामुळे दवाखान्यांतही वरून भर घालू नका, डबी धुऊन वाळवून मग भरा, असं सांगतात. बंद बाटली विकणाऱ्याने यातली बरीच काळजी आधीच घेतलेली असते. सुट्यात ती तुमच्यावर येते.

हौशी: म्हणजे तुमचं म्हणणं असं की पाकीट ही जबाबदारी विकत घेण्याची सोय आहे.

शंकेखोर: आणि तुमचं म्हणणं की ती जबाबदारी आपण पुन्हा अंगावर घ्यावी. घ्या. पण मग ती घरात कुणाच्या अंगावर पडते तेही सांगा. बोरिवली लोकलमधून चार काचेच्या बरण्या कोण नेणार? मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ मध्ये सुरुवात केली तेव्हा काही कुटुंबांचा एक संघ करायचा, यादी आधी द्यायची, माल एकत्र यायचा, आणि सभासदांनी मिळून वाटून घ्यायचा, अशी पद्धत होती. मला ती तुमच्या नळ्यांपेक्षा अधिक शहाणी वाटते. पण वाटप करायला बसायच्या त्या बहुतेक बायका, आणि त्यांच्याकडे दुपार होती. आज ती दुपार कुणाकडे आहे?

हौशी: माझ्याकडे नाही. म्हणूनच मी सगळं सुटं घ्या असं म्हणत नाही, निदान आता तरी म्हणणार नाही. पण तेलावर मी अजून थांबलेली नाही. कायद्याला सुटं तेल नको, पण त्याला प्लास्टिकच हवं असंही नाही. पत्र्याचा डबा एकदा वापरला की खाद्यतेलासाठी परत वापरायचा नाही, तो नियम ठीक. काचेच्या बाटलीला मात्र ती आडकाठी नाही, ती नीट धुता आली पाहिजे. आरेच्या दुधाची बाटली आठवा. केंद्रावर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, तोंडाला रंगीत पत्र्याचं झाकण. बाटली तुमची नव्हती, डेअरीची होती. म्हणून धुण्याची जबाबदारीही डेअरीची. घाणेवाल्याने तेल काचेत भरावं, बूच लावावं, नाव, तारीख, बॅच छापावी, बाटलीचं डिपॉझिट घ्यावं. माझा डबा नको, त्याची बाटली.

शंकेखोर: हे तुम्ही सुरुवातीलाच म्हटलं असतं तर आपण अर्धा तास वाचवला असता. पण आरेकडे बाटल्या धुणारं यंत्र होतं, रोज लाखो बाटल्यांचा फेरा होता आणि मागे सरकार होतं. घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या घाण्यावर बाटली धुणार कोण? दुधाची बाटली ओली राहिली तर फारसं बिघडत नाही. तेलाच्या बाटलीत पाण्याचा थेंब राहिला तर तेल गढूळ होतं, लवकर बिघडतं. आणि जुन्या तेलाचा पातळ थर राहिला तर खवटपणा नव्या तेलात उतरतो. गरम पाणी, साबण, मग पूर्ण कोरडी. एका बाटलीमागे त्याचा जो खर्च येईल तो प्लास्टिकच्या पाकिटापेक्षा नक्की जास्त. तो तुम्ही द्याल. तुमची मोलकरीण देईल का?

हौशी: तिला द्यावा लागू नये म्हणून तर हे फक्त महागड्या घाण्याच्या तेलापुरतं न राहता रिफाइन्ड तेलातही यायला हवं. तिथे मोठ्या कंपन्या आहेत, यंत्र त्यांना परवडेल. पण त्यांना बाटली परत गोळा करायची इच्छा नाही, आणि आपण ती मागत नाही.

शंकेखोर: तोवर?

हौशी: तोवर तांदूळ माझ्या डब्यात, पावडर पेल्यात ढवळून बघून, आणि तेल मला सापडलेल्या, काचेच्या बाटलीत भरून देणाऱ्या एका घाण्यावरून. तुम्ही येणार असाल तर रविवारी चला. तुमचे प्रश्न तिथेच विचारा.

शंकेखोर: येतो. तेलाविषयी काही विचारणार नाही. बाटल्या कशा वाळवता, एवढंच विचारेन.

हौशी: तो म्हणेल, उन्हात.

शंकेखोर: मग जुलैत काय करता, हा दुसरा प्रश्न.